‘फक्त ६ महिन्यांत जमीन नावावर’: शीर्षकाविषयीच्या एका तक्रारीचे आणि तिला दिलेल्या उत्तराचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातून चालणारी एक छोटी यूट्यूब वाहिनी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराविषयी मराठीत व्हिडिओ करते. वाहिनी दोघे मिळून चालवतात. गृहनिर्माण संस्थांच्या लेखापरीक्षणात आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ विषय मांडतात आणि त्यांचा भाचा चित्रीकरण, संकलन व प्रकाशन सांभाळतो. व्हिडिओत काय बोलायचे हे मामा ठरवतात. शीर्षक, थंबनेल आणि वर्णन भाचा लिहितो. कामाची ही वाटणी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली होती, आणि या प्रकरणातील दोष नेमका तिच्या सांध्यावर होता. व्हिडिओतील मजकूर जवळजवळ सगळा अचूक होता, पण त्याच्या वर लावलेली पाटी मजकूर लिहिणाऱ्याने प्रसिद्ध होण्यापूर्वी वाचलेली नव्हती.

व्हिडिओ मानीव अभिहस्तांतरणावर, म्हणजे सोसायट्यांच्या सभांत ज्याला सर्रास डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्यावर होता. विकासक जमिनीचे हस्तांतरण करून देत नसेल तर महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या १९६३ च्या कायद्यात, ज्याला व्यवहारात मोफा म्हणतात, २००८ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. उपनिबंधक सुनावणी घेतात आणि विकासकाच्या सहीशिवाय दस्त करता येईल असा आदेश व प्रमाणपत्र देतात. या निर्णयासाठी कायद्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांची मुदत आहे. आदेश मिळाल्यावर मुद्रांक कार्यालयात दस्ताचा अभिनिर्णय, म्हणजे त्यावर किती मुद्रांक शुल्क लागते याचा निर्णय, दुय्यम निबंधकांकडे दस्ताची नोंदणी आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लावणे ही कामे उरतात. हा सगळा क्रम मामांनी व्हिडिओत नवव्या मिनिटानंतर नीट सांगितला होता.

शीर्षक मात्र असे होते: ‘फक्त ६ महिन्यांत जमीन सोसायटीच्या नावावर! बिल्डरच्या सहीची गरज नाही | ठाणे, नवी मुंबई’.

तक्रार

तक्रार व्हिडिओखालीच आली. लिहिणारे गृहस्थ नेरूळ येथील एका संस्थेचे सचिव होते. त्यांच्या लिहिण्याचा आशय असा की, हा व्हिडिओ त्यांनी संस्थेच्या विशेष सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पाठवला होता आणि बहुतेक जण शीर्षक वाचून सहा महिने ही मुदत धरून चालले होते. सभेत खर्चाची वर्गणी ठरवताना ‘सहा महिन्यांत काम झाले नाही तर पैसे परत’ अशी भाषा सुरू झाली. त्याहून वाईट म्हणजे त्यांची इमारत सिडकोच्या भूखंडावर आहे आणि त्या परिस्थितीविषयी संपूर्ण व्हिडिओत एकच वाक्य आहे. तक्रारीचा शेवट त्यांनी असा केला होता: “शीर्षकात नवी मुंबई लिहिले आहे म्हणून मी हा व्हिडिओ निवडला. हे शीर्षक दिशाभूल करणारे आहे.”

तक्रारीत दोन वेगळे आक्षेप आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. पहिला आक्षेप मुदतीचा आहे. आदेशाची मुदत ही जमीन नावावर होण्याची मुदत असल्याचे शीर्षकाने भासवले. पण व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणाऱ्याला खरी स्थिती कळत होती. दुसरा आक्षेप व्याप्तीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे, कारण शेवटपर्यंत पाहूनही त्याचे निरसन होत नव्हते. सिडकोने विकसित केलेल्या नोडमधील भूखंड, साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांसह, भाडेपट्ट्याने दिलेले असतात. तेथे संस्थेकडे जमिनीची मालकी येत नाही, तर भाडेपट्ट्याचे हक्क येतात आणि त्यासाठी सिडकोच्या परवानगीचा व शुल्काचा स्वतंत्र भाग असतो. ‘जमीन सोसायटीच्या नावावर’ हे शब्द नेरूळच्या वाचकासाठी पहिल्या दिवशीही खरे नव्हते आणि सहा वर्षांनीही झाले नसते.

समोर असलेले पर्याय

भाच्याचा पहिला कल खुलासा करण्याकडे होता. पुढचे टप्पे नवव्या मिनिटाला सांगितलेले आहेत, एवढे लिहून त्या मिनिटाची वेळ द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. शीर्षक बदलायला तो नाखूश होता, कारण वाहिनीवरील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओंपैकी तो एक होता आणि शोधातून येणारे प्रेक्षक त्याच शब्दांवर येत होते. “मामा, टायटल पडलं तर व्हिडिओ पडेल,” असे तो म्हणाला. ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे पुढे दिसेल.

दुसरा पर्याय व्हिडिओ काढून सुधारित रूपात पुन्हा टाकण्याचा होता. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाइल ठेवता येत नाही. नवा व्हिडिओ म्हणजे नवा दुवा, शून्य दर्शने आणि जुन्या प्रतिक्रियांचा लोप. सचिवांनी गटात पाठवलेला दुवाही मृत झाला असता आणि ज्यांच्यापर्यंत चूक पोहोचली होती नेमक्या त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचली नसती.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता, तो म्हणजे काही न बोलता शीर्षक बदलणे. यूट्यूब स्टुडिओमध्ये शीर्षक आणि वर्णन कधीही बदलता येते. दुवा, दर्शने व प्रतिक्रिया कायम राहतात आणि पूर्वीचे शीर्षक काय होते हे प्रेक्षकाला कोठेही दिसत नाही. यातच अडचण आहे. नवे शीर्षक लागल्यानंतर खाली तक्रार वाचणाऱ्या माणसाला ती निराधार वाटते. तक्रार करणारा खोटा पडतो आणि त्याच्या संस्थेतील सभासदांनी तपासायला दुवा उघडलाच तर तेही त्यालाच खोटे ठरवतात. मामांनी हा पर्याय एका वाक्यात बाद केला: “त्यांची बाजू आपणच पुसायची, हे बरोबर नाही.”

यूट्यूबच्या नियमांचाही विचार झाला. दिशाभूल करणारी शीर्षके व थंबनेल तेथे मुळातच निषिद्ध आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने भारतातील अशा ढोबळ प्रकारांवर कारवाई वाढवण्याचे जाहीर केले. तथापि तो रोख प्रामुख्याने ताज्या बातम्या व चालू घडामोडींच्या फसव्या शीर्षकांवर होता. या व्हिडिओवर कारवाई होण्याची शक्यता फारच कमी होती आणि निर्णय त्या धाकापोटी झाला नाही, याची नोंद येथे करणे योग्य वाटते.

उरला तो उत्तर देऊन, काय बदलणार ते सांगून, मग बदलण्याचा पर्याय. तोच स्वीकारला गेला.

उत्तराचे दोन मसुदे

भाच्याने लिहिलेला पहिला मसुदा असा होता: “नमस्कार सर, व्हिडिओ पूर्ण पाहिल्यास नवव्या मिनिटाला पुढील टप्पे सांगितलेले आहेत. तरीही आपला गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत. लवकरच शीर्षकात योग्य तो बदल करू.”

वरवर पाहता हा मसुदा सभ्य आहे, पण त्यातील तिन्ही वाक्ये अडचणीची आहेत. पहिले वाक्य तक्रार चुकवते, कारण आक्षेप व्हिडिओवर नसून शीर्षकावर आहे. दुसरे वाक्य ‘गैरसमज’ या शब्दाने दोष वाचणाऱ्यावर ढकलते. तिसऱ्यात ‘लवकरच’ आणि ‘योग्य तो’ असल्यामुळे आश्वासन पाळले की नाही हे कोणालाही, आश्वासन देणाऱ्यालासुद्धा, तपासता येत नाही.

मामांनी मसुदा नव्याने लिहिला. प्रसिद्ध झालेले उत्तर असे:

“नमस्कार. आपली तक्रार बरोबर आहे. या व्हिडिओचे शीर्षक आज ‘फक्त ६ महिन्यांत जमीन सोसायटीच्या नावावर! बिल्डरच्या सहीची गरज नाही | ठाणे, नवी मुंबई’ असे आहे आणि ते दोन ठिकाणी चुकीचे आहे. सहा महिने ही जिल्हा उपनिबंधकांनी आदेश देण्यासाठी कायद्यात असलेली मुदत आहे. त्यानंतर मुद्रांक अभिनिर्णय, दस्त नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवरील नोंद ही कामे राहतात व त्यांना वेगळा वेळ लागतो. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील भूखंडाची मालकी संस्थेकडे येत नाही, भाडेपट्ट्याचे हक्क येतात. ती प्रक्रिया या व्हिडिओत सांगितलेली नाही. उद्या रात्री नऊ वाजेपर्यंत शीर्षक व वर्णन दोन्ही दुरुस्त करू आणि येथेच कळवू. व्हिडिओ काढणार नाही, म्हणजे आपण पाठवलेला दुवा चालू राहील. सभेत आपणास जो त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. सभासदांना दाखवण्यासाठी हे उत्तर आपण वापरू शकता.”

“एवढं लांब कोण वाचणार?” असे भाच्याने विचारले, तेव्हा मामांनी “ज्यांनी विचारलंय ते वाचतील” असे उत्तर दिले.

माझ्या मते या उत्तरातील सर्वांत उपयोगी वाक्य शेवटचे आहे. सचिवांचे नुकसान वाहिनीच्या पानावर झालेले नव्हते, ते नेरूळच्या सभेत झाले होते. तेथे त्यांना शीर्षकातील बदलापेक्षा वाहिनीने स्वतः लिहिलेली, गटात जशीच्या तशी टाकता येतील अशी वाक्ये हवी होती. जुने शीर्षक उत्तरात शब्दशः उद्धृत करण्यामागेही हाच हिशेब होता: शीर्षक बदलल्यानंतरही तक्रार कशाविषयी होती याचा पुरावा उत्तरातच राहावा.

प्रत्यक्ष दुरुस्ती

नव्या शीर्षकावर अपेक्षेपेक्षा अधिक वेळ गेला. यूट्यूबवर शीर्षकाला शंभर चिन्हांची मर्यादा आहे, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘कन्व्हेयन्स’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द अकरा चिन्हे खातो. शिवाय फोनवर लांब शीर्षक मध्येच कापले जाते, म्हणून मर्यादा सांगणारे शब्द शेवटी ठेवून चालत नाही. भाच्याचा पहिला प्रयत्न असा होता की जुन्या शीर्षकापुढे ‘(अटी लागू)’ लिहावे. तसे केले असते तर नेमका तोच भाग पडद्याबाहेर गेला असता.

दुसरी अडचण ‘सहा महिने’ या शब्दांची होती. ते पूर्ण वगळावेत, असे मामांना वाटत होते, कारण आदेश प्रत्यक्षात मुदतीत मिळतोच असे नाही. भाच्याचे म्हणणे होते की लोक ‘सहा महिने’ हे ऐकूनच येतात, तेव्हा त्याच शब्दांचा खरा अर्थ शीर्षकात सांगावा. येथे भाच्याचा युक्तिवाद मान्य झाला आणि तो योग्यच होता. अंतिम शीर्षक ठरले: ‘डीम्ड कन्व्हेयन्स: ६ महिने ही फक्त आदेशाची मुदत, पुढचे टप्पे कोणते? | ठाणे, फ्रीहोल्ड जमीन’. ते नव्वद चिन्हांत बसते आणि कापले गेले तरी ‘आदेशाची मुदत’ इथपर्यंतचा भाग बहुधा दिसतो.

वर्णनाच्या बाबतीत जागेची टंचाई नव्हती, पण तेथेही ‘अधिक’ वर टिचकी मारण्यापूर्वी सुरुवातीच्या मोजक्या ओळीच दिसतात. पूर्वी त्या ओळींत वाहिनीचे सदस्य होण्याचे आवाहन होते. ते खाली नेऊन पहिल्या दोन वाक्यांत व्हिडिओची व्याप्ती लिहिली गेली: हा व्हिडिओ मालकी हक्काच्या जमिनीवरील संस्थांसाठी आहे आणि सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील भूखंडांना तो लागू करू नये. त्यानंतर आदेशापासून मिळकत पत्रिकेपर्यंतचे टप्पे क्रमाने दिले.

वर्णन लिहिताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला, प्रेक्षकाला धरून ठेवण्यासाठी घातलेल्या वाक्यात, ‘सहा महिन्यांत जमीन तुमच्या नावावर’ हेच शब्द उच्चारलेले होते. म्हणजे शीर्षक बदलूनही बारा सेकंदांनंतर तेच आश्वासन कानी पडत होते. स्टुडिओतील संपादनाच्या सोयीने तो तुकडा कापता आला असता, परंतु त्यामुळे पुढील सर्व भागांच्या वेळा सरकल्या असत्या आणि पुढचे वाक्य तुटक वाटले असते. त्याऐवजी यूट्यूबची दुरुस्ती दाखवण्याची सोय वापरली गेली. वर्णनात एका ठरावीक शब्दाखाली वेळ व खुलासा लिहिला की त्या क्षणी व्हिडिओच्या कोपऱ्यात दुरुस्तीची सूचना दिसते. तो शब्द इंग्रजीतच लिहावा लागतो, खुलासा मराठीत चालतो, आणि व्हिडिओचे भाग दर्शवणाऱ्या वेळा दिलेल्या असतील तर दुरुस्ती त्यांच्या खाली यावी लागते.

```
Correction:
0:12 सहा महिने ही आदेशाची मुदत आहे, जमीन नावावर होण्याची नाही.
```

या सोयीची मर्यादा उघड आहे. फोनवर एकट्याने पाहणारा ती सूचना उघडेल. सोसायटीच्या कार्यालयात भिंतीवर व्हिडिओ लावून पाहणारे वीस जण ती पाहतीलच असे नाही.

दुरुस्ती ठरल्या वेळेपूर्वी पूर्ण झाली. आधीचे उत्तर संपादित न करता त्याखाली दुसरे उत्तर लिहिले गेले, जेणेकरून सचिवांना नव्याने सूचना जाईल. त्यात नवे शीर्षक उद्धृत केले होते. याशिवाय एक स्वतंत्र टिप्पणी वर खिळवली गेली, आणि त्यामागे कारण होते: मूळ तक्रार करणाऱ्याने आपली टिप्पणी काढली तर तिच्याखालची सर्व उत्तरेही नाहीशी होतात, मग दुरुस्तीची नोंद कोठेच उरत नाही.

परिणाम

सचिवांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी आभार मानले आणि पुढे एवढेच लिहिले: “चित्रावर अजून ‘६ महिन्यांत!’ आहे.”

थंबनेलवर सातबाऱ्याच्या छायाचित्रावर लाल अक्षरांत तेच शब्द होते. दोघांनीही ते रोज पाहिले होते आणि दोघांच्याही ते ध्यानात आले नव्हते. आश्वासन ‘शीर्षक व वर्णन’ यांचे होते, त्यामुळे शब्दशः ते पाळले गेले होते. पण स्टुडिओच्या पडद्यावर शीर्षक, वर्णन आणि थंबनेल हे वेगवेगळे रकाने असले, तरी व्हिडिओ उघडण्यापूर्वी प्रेक्षक जे पाहतो त्यात हे रकाने वेगळे नसतात. ‘शीर्षक दिशाभूल करणारे आहे’ असे तो म्हणतो तेव्हा चित्रावरील अक्षरेही त्यात येतात. थंबनेल त्याच दुपारी बदलले.

भाच्याची भीती काही प्रमाणात खरी ठरली. पुढील काही आठवडे शोधातून व शिफारशींतून येणाऱ्यांपैकी व्हिडिओ उघडणाऱ्यांचे प्रमाण घटले. उघडणारे मात्र पूर्वीपेक्षा थोडे अधिक वेळ थांबू लागले. एका छोट्या वाहिनीच्या एका व्हिडिओवरून यापेक्षा मोठा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, कारण त्याच काळात सभांचा हंगामही ओसरला होता. वाशी व खारघरच्या प्रेक्षकांकडून सिडकोच्या भूखंडांविषयी विचारणा येऊ लागली, म्हणून भाडेपट्ट्याच्या हस्तांतरणावर वेगळा व्हिडिओ करण्याचे ठरले. त्याचे शीर्षक मामांनी आधी लिहिले आणि संहिता नंतर.

जे सुधारता आले नाही तेही सांगितले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वी पाठवलेल्या दुव्यासोबत दिसणारे शीर्षक व चित्र त्या संदेशात तसेच राहते. नेरूळच्या त्या गटात वर सरकवत गेल्यास आजही जुने शीर्षकच दिसेल.

वेगळे काय करता आले असते

माझा मुख्य आक्षेप आश्वासनाच्या आकारावर आहे. शीर्षक बदलण्यास काही मिनिटे लागतात. जी गोष्ट उत्तर लिहिण्यापूर्वी करता येते तिचे आश्वासन देण्याचे कारण नसते. या प्रकरणात चुकीचे शीर्षक तक्रार मान्य केल्यानंतरही पूर्ण एक दिवस लागलेले राहिले आणि त्या दिवशीही लोक ते वाचून येत राहिले. चांगले शीर्षक सुचायला वेळ लागणार होता, हे खरे. पण तोपर्यंत ‘डीम्ड कन्व्हेयन्सची प्रक्रिया | ठाणे’ असे साधे, तात्पुरते शीर्षक ठेवता आले असते. ‘नवी मुंबई’ हे दोन शब्द तर कोणताही विचार न करता त्याच क्षणी काढता आले असते. मग उत्तरात ‘शीर्षक आत्ताच बदलले आहे, वर्णन उद्या रात्रीपर्यंत बदलू’ असे लिहिता आले असते. वर्णनासाठी मुदत मागणे रास्त होते, कारण सिडकोच्या भूखंडांविषयी एकही शब्द तपासल्याशिवाय लिहायचा नव्हता.

मामांना हा आक्षेप पूर्णपणे मान्य नाही. त्यांच्या मते तात्पुरते शीर्षक लावले असते तर सचिवांनी उत्तर वाचेपर्यंत जुने शीर्षक गेलेले असते, आणि आपली तक्रार वाचून झालेला बदल व चूक झाकण्यासाठी झालेला बदल यांत त्यांना फरक करता आला नसता. जुने शीर्षक उत्तरात उद्धृत केले असते तर ही शंका उरली नसती, असे मला वाटते. परंतु सचिवांच्या जागी स्वतःला ठेवून पाहणारा विचार म्हणून त्यांचे म्हणणे दुर्लक्षण्याजोगे नाही.

दुसरी गोष्ट उत्तराच्या आधीची आहे. तक्रार आल्यावर दोघांनी शीर्षकाचा रकाना उघडला. त्याऐवजी भाच्याने फोनवर लॉग-इन न करता, अनोळखी प्रेक्षकासारखा, शोधातून व्हिडिओ गाठला असता तर चित्र, शीर्षक, वर्णनाच्या पहिल्या ओळी आणि बाराव्या सेकंदाचे वाक्य हे चारही एका मिनिटात समोर आले असते, आणि आश्वासन पहिल्याच उत्तरात पुरेसे रुंद लिहिता आले असते. आता वाहिनीवर प्रकाशनापूर्वी मामा त्यांच्या स्वतःच्या फोनवर एवढेच पाहतात.